पत्रकात घोषणा नकोत, मतदानाच्या पायऱ्या हव्यात

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. त्याआधी काही आठवडे सोसायट्यांचे फलक, वाचनालयांची दारे आणि मोबाइलवरचे गट मतदार जागृतीच्या पत्रकांनी भरले होते. ही पत्रके बहुतेक करून हौशी मंडळी काढतात, पदरमोड करून छापतात, आणि त्यांतली बरीचशी आधी इंग्रजीत असलेल्या मजकुरावरून मराठीत आणलेली असतात. असे अनुवाद मी करतो, इतरांचे तपासूनही देतो. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. अशा पत्रकाच्या अनुवादकाने समोरच्या कागदाइतकेच लक्ष मतदान केंद्राच्या खोलीकडे द्यावे. त्या खोलीत मतदाराच्या उपयोगी पडणार नाही असे एकही वाक्य त्याने पत्रकात राहू देऊ नये. घोषणा त्या खोलीत उपयोगी पडत नाहीत.

अनुवादासाठी येणारा इंग्रजी मजकूर जवळपास नेहमी लोकसभा किंवा विधानसभेच्या मतदानाचे वर्णन करतो, कारण देशभर चालेल असा मजकूर तोच. त्यातला क्रम बरोबर असतो. पहिला मतदान अधिकारी यादीत नाव शोधतो, ओळखपत्र पाहतो आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू जाईल असे नाव व अनुक्रमांक वाचतो. दुसरा अधिकारी डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेतो, शाई पाहतो आणि आपल्याजवळच्या यंत्राचे बटण दाबून मतदान सुरू करून देतो. मग मतदार आडोशामागे जातो, उमेदवाराच्या नावासमोरचे निळे बटण दाबतो आणि लाल दिवा लागतो. शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते व खालच्या पेटीत पडते. लांब बीप वाजतो. मत नोंदले गेले.

आता हाच मजकूर कुणी अगदी चोख मराठीत आणला आणि पुण्यात किंवा ठाण्यात महानगरपालिकेच्या निवडणुकीआधी वाटला, तर त्यातले प्रत्येक वाक्य मूळाला धरून असेल आणि पत्रक तरीही चुकीचे असेल. पुण्यात या वेळी १६५ नगरसेवक ४१ प्रभागांतून निवडायचे होते. एक प्रभाग पाच जागांचा होता, बाकीचे चार जागांचे. म्हणजे बहुतेक मतदारांना एक नव्हे, चार मते द्यायची होती: अ, ब, क आणि ड या जागांसाठी प्रत्येकी एक. जागेगणिक मतपत्रिकेच्या कागदाचा रंग वेगळा असतो, पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा आणि फिका निळा. प्रत्येक जागेची उमेदवारांची यादी वेगळी आणि तिच्या शेवटी नोटाचे बटण वेगळे. राज्यातल्या स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट लावलेच जात नाही, तेव्हा काचेतली चिठ्ठी दिसण्याचा प्रश्न येत नाही. आणि मतदान संपल्याचा आवाज पहिले बटण दाबल्यावर होत नाही, तर सगळ्या जागांची मते देऊन झाल्यावर होतो.

जिने ते अनुवादित पत्रक मन लावून वाचले आहे, ती मतदार आडोशामागे काय करील याचा विचार करा. ती एक बटण दाबील. चिठ्ठीची वाट पाहील. चिठ्ठी दिसणार नाही, लांब आवाज येणार नाही. तिला दोनच शक्यता दिसतील: यंत्र बिघडले आहे, किंवा आपले मत गेले नाही. ती बाहेर येऊ लागली की अधिकारी म्हणेल, ‘अजून तीन राहिली, परत जा.’ मागे रांग असते, सगळे बघत असतात. अशा वेळी माणूस परत आत जाऊन हाताला लागेल ते बटण दाबतो. ज्याने पत्रक वाचलेच नव्हते तो निदान ‘किती मते द्यायची?’ असे आधी विचारतो. चुकीचे पत्रक वाचलेला माणूस विचारत नाही, कारण आपल्याला ठाऊक आहे असे त्याला वाटत असते.

म्हणून अनुवादकाचा पहिला प्रश्न भाषेचा नसावा. ‘ही निवडणूक कोणती?’ हा असावा. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. महानगरपालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती राज्य निवडणूक आयोग घेतो. संविधानाने हे दोन आयोग वेगळे ठेवले आहेत आणि त्यांचे आदेशही वेगळे असतात. मुंबई महानगरपालिकेत २२७ प्रभाग आहेत आणि प्रत्येकातून एकच नगरसेवक, म्हणून मुलुंडच्या मतदाराला एकच मत. तिथून पुढे गेले की ठाणे लागते आणि तिथल्या बहुतेक प्रभागांत चार मते. मुलुंड आणि ठाण्यातले नातेवाईक एकाच कौटुंबिक गटावर असतात आणि एकाच दिवशी मतदान करतात. ‘एकच बटण दाबा’ असे म्हणणारे पत्रक अर्ध्या कुटुंबासाठी खरे आणि अर्ध्यासाठी खोटे ठरते. नगरपालिकेत नगराध्यक्षासाठी वेगळे मत असते आणि प्रभागातल्या सदस्यांसाठी वेगळे. जिल्हा परिषदेच्या वेळी एक मत जिल्हा परिषदेला, एक पंचायत समितीला. मूळ इंग्रजी कागदात यातले काहीच नसते. ते घालणे म्हणजे मूळाशी प्रतारणा, असे काही अनुवादक मानतात. कथेच्या अनुवादात ती भूमिका मला मान्य आहे. इथे मूळ म्हणजे मतदानाची पद्धत. तो इंग्रजी कागद तिचे एक वर्णन आहे, तेही दुसऱ्या निवडणुकीचे.

चार सदस्यांच्या प्रभागासाठी एक मसुदा तयार झाल्यावर मी तो घरकाम करणाऱ्या एका बाईंना वाचायला दिला. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत, वर्तमानपत्र वाचतात. ‘चार मते द्या’ इथपर्यंत त्यांना काही अडले नाही. मग त्यांनी विचारले, ‘पण यातली एक जागा एससीची आहे म्हणतात, एक ओबीसी बाईची. मग ती मतं आम्ही कशी द्यायची? आमची जागा कोणती?’ हा प्रश्न इंग्रजी मजकूर लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आला नसता, आणि खरे सांगायचे तर माझ्या मसुद्यातही त्याचे उत्तर नव्हते. पण हा गैरसमज अगदी साहजिक आहे. फलकावर ‘प्रभाग क्रमांक अमुक, अ, अनुसूचित जाती’ असे लिहिलेले असते. वाचणाऱ्याला ती जागा त्या समाजाने भरायची आहे असे वाटले तर त्याचा दोष नाही. आरक्षण उमेदवाराला लागू असते, मतदाराला नाही. प्रभागातल्या सर्वांनी सर्व जागांसाठी मत द्यायचे असते. हे पत्रकात आले नाही तर माणसे आपले मत आपणहून अर्ध्यावर आणतील.

त्या वाचनानंतर मसुद्यातला तेवढा भाग असा झाला:

‘तुमच्या प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे आहेत. म्हणून तुम्हाला चार मते द्यायची आहेत. अ, ब, क आणि ड या प्रत्येक जागेसाठी एक मत. एखादी जागा महिलांसाठी किंवा एखाद्या प्रवर्गासाठी राखीव असेल, तर ते आरक्षण उमेदवारांसाठी असते. प्रभागातल्या सर्व मतदारांनी चारही जागांसाठी मत द्यायचे असते. अ जागेच्या यादीत ज्यांना मत द्यायचे आहे त्यांच्या नावासमोरचे बटण दाबा. त्या नावाजवळ लाल दिवा लागेल. याचप्रमाणे ब, क आणि ड या जागांसाठी एकेक बटण दाबा. एखाद्या जागेसाठी कोणत्याच उमेदवाराला मत द्यायचे नसेल, तर त्या जागेच्या यादीतले शेवटचे, नोटाचे, बटण दाबा. चारही जागांसाठी बटण दाबले की मोठा आवाज होतो. तो आवाज ऐकल्याशिवाय बाहेर येऊ नका. या यंत्राला चिठ्ठी दाखवणारी काच नसते.’

यात एकही घोषणा नाही आणि ‘कृपया’सुद्धा नाही. वाक्ये आखूड आहेत, कारण यंत्रासमोर उभा असलेला माणूस एका वेळी एकच गोष्ट आठवू शकतो. ‘दाबण्यात यावे’, ‘सदर मतदाराने’ ही शासकीय परिपत्रकाची वळणे नाहीत. ‘दाबा’ म्हटले की कोणी, काय, हे दोन्ही कळते, आणि स्त्री-पुरुष असा भेदही होत नाही. शेवटचे वाक्य नकारार्थी आहे, ते मी मुद्दाम ठेवले. विधानसभेला सात सेकंदांची चिठ्ठी पाहिलेला मतदार इथे ती शोधणार, आणि ती नाही म्हणून शंका घेणार. तेव्हा ती नसते हे आधीच सांगावे. व्हीव्हीपॅट स्थानिक निवडणुकांत असावे की नसावे हा वादाचा विषय आहे आणि त्यावर बोलण्याच्या जागा वेगळ्या आहेत. पत्रकाने फक्त ‘नसते’ एवढे म्हणावे. ‘दुर्दैवाने नसते’ म्हटले की पत्रक एका बाजूला गेले, आणि ‘गरज नसल्याने नसते’ म्हटले की दुसऱ्या.

नोटाचे उदाहरण आणखी बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण सद्हेतूने केलेला पक्षपात तिथे सर्वांत जास्त दिसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हे बटण यंत्रावर आले. अनेक पत्रकांत त्याचा उल्लेखच नसतो. काढणाऱ्यांना वाटते, सांगितले तर लोक तेच दाबतील. काही पत्रकांत उल्लेख असतो, पण ‘नोटा दाबून आपले मत वाया घालवू नका’ असा. उलट बाजूची मंडळी ‘सगळ्या पक्षांना धडा शिकवा’ म्हणून नोटाचाच प्रचार करतात. तिन्ही प्रकार मला सारखेच चूक वाटतात. चार सदस्यांच्या प्रभागात तर नोटा हा पद्धतीचाच भाग आहे. क जागेसाठी कुणीच पसंत नसलेल्या मतदाराने ते बटण दाबले नाही, तर त्याचे मतदान पुरे होत नाही. ते वगळणारे पत्रक त्याला खोलीत अडकवते.

नोटाला सर्वाधिक मते मिळाली तर काय होते, हे सांगावे का? इथे माझे मत नाही असे आहे, जरी उत्तर मनोरंजक असले तरी. लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मते पडली तरी उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढून स्थानिक निवडणुकांपुरती वेगळी व्यवस्था केली: नोटा सर्वांत पुढे राहिला तर त्या जागेसाठी पुन्हा निवडणूक. ही माहिती खरी आहे, पण ती बटण दाबण्याची रीत नाही, बटण दाबण्याचे कारण आहे. ‘पुन्हा निवडणूक होते’ हे वाक्य वाचणाऱ्याला काहीतरी सुचवते. कुठले बटण कुठे आहे हे पत्रकाने सांगावे. ते का दाबावे याचा विचार मतदार करील, आणि त्यासाठी वर्तमानपत्रे आहेत, सभा आहेत, चहाची टपरी आहे.

आता घोषणांकडे. ‘मतदार राजा, जागा हो’ ही ओळ महाराष्ट्रात इतकी रुळली आहे की ती नसली तर पत्रक उघडे वाटते. ‘लोकशाहीचा उत्सव’, ‘पवित्र कर्तव्य’, ‘आपले एक मत देश घडवते’ यांचेही तेच. माझी पहिली तक्रार जागेची आहे. पत्रक एका पानाचे असते. त्यातला वरचा तिसरा भाग मोठ्या टाइपातल्या घोषणेला गेला की मतांची संख्या, ओळखपत्रांची यादी आणि केंद्र शोधण्याची रीत खाली बारीक अक्षरात कोंबली जाते. साठीच्या पुढच्या मतदाराला जे वाचता यायला हवे ते वाचता येत नाही, आणि जे त्याने शंभरदा ऐकले आहे ते लांबूनही दिसते.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. घोषणा तटस्थ राहत नाहीत. ‘परिवर्तनासाठी मतदान करा’ हे वाक्य कुणाच्या विरोधात आहे, हे सत्तेवर कोण आहे यावर ठरते. ‘विकासासाठी’ आणि ‘स्थिर सरकारसाठी’ ही वाक्ये उलट दिशेने झुकतात. लिहिणाऱ्याच्या मनात तसे काही नसेल, पण दोन्हीकडच्या प्रचारसभांत तेच शब्द रोज वापरले जात असताना पत्रकातल्या शब्दाला स्वतंत्र अर्थ उरत नाही. ‘सुशिक्षित आणि स्वच्छ चारित्र्याचा उमेदवार निवडा’ हा सल्लाही मी काढून टाकतो. प्रभागात एक उमेदवार पदवीधर आणि दुसरी चौथी शिकलेली भाजीविक्रेती असेल, तर ते वाक्य सरळ एकाचा प्रचार करते. कायदा उमेदवाराला शिक्षणाची अट घालत नाही, मग पत्रकाने का घालावी? कायदा आणि सल्ला यांच्यातली ही रेघ अनुवादकाला कळायला हवी. ‘मतासाठी पैसे देणे किंवा घेणे हा गुन्हा आहे’ हे कायद्याचे कथन आहे, ते ठेवावे. ‘आमिषाला बळी पडणारे लोकशाहीचे शत्रू आहेत’ हे भाषण आहे, ते काढावे.

आणि एक वाक्य तर उघडउघड खोटे आहे, तरी ते पत्रकांत सतत येते: ‘मत न देणाऱ्याला पुढची पाच वर्षे तक्रार करण्याचा अधिकार नाही.’ असा कायदा नाही. आपल्याकडे मतदान सक्तीचे नाही. मत न दिलेल्या नागरिकाला पाणी, रस्ता, कचरा याबद्दल तक्रार करण्याचा आणि माहिती मागण्याचा तितकाच हक्क आहे जितका मत दिलेल्याला. ज्या पत्रकाला माहिती देण्यासाठी विश्वास हवा आहे त्याने लोकांचे हक्क चुकीचे सांगून सुरुवात करू नये. इंग्रजी मजकुरात असे वाक्य असले तर मी ते अनुवादित करत नाही, काढणाऱ्यांना कळवतो.

चित्रांबद्दल अनुवादकाला सहसा कुणी विचारत नाही, पण विचारायला हवे, कारण महाराष्ट्रात चित्रे शब्दांपेक्षा लवकर प्रचार करतात. मतदानाची वेळ दाखवायला घड्याळ काढतात. घड्याळ हे राष्ट्रवादी काँग्रेसचे चिन्ह आहे. शाई दाखवायला पाची बोटे पसरलेला पंजा काढतात, तो काँग्रेसचा. कडेची नक्षी म्हणून कमळ येते, ते भाजपचे. ‘लोकशाहीची ज्योत’ म्हणून मशाल येते, ती शिवसेना (उबाठा) पक्षाची. जुन्या मराठी दवंडीची आठवण म्हणून तुतारीवाला येतो, तो राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाच्या चिन्हाशी जुळतो. यातले बरेचसे नकळत होते, विशेषतः मजकूर परराज्यातून आला असेल तर. दिल्लीत बसलेल्या चित्रकाराला घड्याळ म्हणजे घड्याळच वाटते. वेळ आकड्यांत लिहावी, शाईसाठी एकच बोट काढावे, आणि नमुना मतपत्रिकेवर चिन्हांऐवजी त्रिकोण-चौकोन असे आकार वापरून ‘उमेदवार १’, ‘उमेदवार २’ एवढेच लिहावे. नमुन्यातली काल्पनिक नावेसुद्धा टाळावीत. मराठीत आडनावावरून जात, गाव, कधी धर्मही वाचला जातो, आणि पहिल्या क्रमांकावर कुठले आडनाव घातले याचा अर्थ लोक लावतात.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. २०१७ साली मुंबई महानगरपालिकेला सुमारे ५५ टक्के मतदान झाले होते. जवळजवळ निम्मे लोक घरी बसतात, अशा शहरात तुम्ही घोषणा काढून टाकता आणि बटणांची वर्णने लिहिता, याने कोण उठून येणार? माझे उत्तर असे की मतदानाला यावे की नाही हे ठरवायला लावणारे साहित्य वेगळे असू शकते. फलक लावा, पथनाट्य करा, त्यांना माझा विरोध नाही. पण पायऱ्यांचे पत्रक वाचतो तो माणूस बहुधा जायचे ठरवूनच बसलेला असतो. कुठे जायचे, काय न्यायचे, आत काय होईल, हे त्याला कळत नसते. त्याला पुन्हा ‘जागा हो’ म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय न जाणारे सगळे उदासीन असतात हेही मला पटत नाही. पहिल्यांदा मत देणारी मुलगी, नुकतीच सासरी आलेली सून, वाचता न येणारा मजूर यांना चारचौघांत चुकण्याची भीती असते. ती भीती आत नेमके काय होते हे कळल्यावर कमी होते, कर्तव्याची आठवण करून दिल्याने वाढते.

दारावरून परत पाठवले जाणे हीसुद्धा खरी अडचण आहे, आणि तिथे भोंगळ वाक्ये नुकसान करतात. ‘आपले मतदार ओळखपत्र घेऊन मतदान केंद्रावर जा’ हे वाक्य घ्या. यातून दोन चुकीच्या गोष्टी डोक्यात बसतात. ओळखपत्र असले की मत देता येते, आणि ते नसले की देता येत नाही. प्रत्यक्षात यादीत नाव असणे ही अट आहे. कार्ड असून नाव नसेल तर मत देता येत नाही. नाव असून कार्ड हरवले असेल तर इतर काही ठरलेली छायाचित्र असलेली कागदपत्रे चालतात. लोकसभा-विधानसभेसाठी आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, छायाचित्र असलेले बँक किंवा पोस्टाचे पासबुक, मनरेगाचे जॉब कार्ड यांचा त्यात समावेश आहे. घरी येणारी मतदार माहिती चिठ्ठी मात्र ओळख म्हणून चालत नाही, २०१९ पासून नाही. पूर्वी ती चालायची, म्हणून अनेक ज्येष्ठ नागरिक अजून तेवढीच घेऊन जातात. स्थानिक निवडणुकीसाठी कागदपत्रांची यादी राज्य निवडणूक आयोगाच्या त्या वेळच्या आदेशातून घ्यावी, मागच्या पत्रकातून उचलू नये. केंद्रही विधानसभेच्या वेळचेच असेल असे धरून चालू नये, कारण विधानसभेची यादी प्रभागांनुसार फोडली जाते आणि घराचे केंद्र बदलू शकते.

स्पष्ट माहिती नसली की ती जागा कशाने भरते याचे एक उदाहरण गेली काही वर्षे दर निवडणुकीत मराठीत फिरते. संदेश असा असतो: यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि ‘कलम ४९ अ’ खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा, मत देता येईल. तुमच्या नावावर आधीच कुणी मत दिले असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा. आणि केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर मते झाली तर फेरमतदान होते. तीनपैकी मधली एक गोष्ट खरी आहे. नाव नसलेल्याला मत मिळवून देणारी अशी कुठलीही तरतूद नाही. ‘चॅलेंज’ म्हणजे आक्षेप उमेदवाराचा प्रतिनिधी मतदाराच्या ओळखीवर घेतो, त्यासाठी दोन रुपये भरतो, आणि केंद्राध्यक्ष त्याची चौकशी करतात. १४ टक्क्यांचा नियम कुठेही नाही. आपल्या नावावर आधीच मत पडले असेल तर मात्र हक्क आहे. केंद्राध्यक्षांची खात्री पटली की कागदी मतपत्रिकेवर ‘प्रदत्त मत’ देता येते, ते यंत्रावर नोंदले जात नाही आणि वेगळ्या पाकिटात ठेवले जाते. हा संदेश इतका का पसरला? तो सोप्या मराठीत होता, त्यात काय बोलायचे ते दिले होते, आणि त्याच्या शेजारी ठेवावे असे खरे पत्रक नव्हते. खऱ्या पत्रकांत त्या जागी लोकशाहीचा उत्सव होता.

म्हणून मी पत्रकाच्या मागच्या बाजूला अडचणींसाठी जागा ठेवतो. नाव सापडत नाही, नावावर आधीच मत पडले आहे, दिसत नाही किंवा हात चालत नाही, वेळ संपली पण रांगेत उभे आहोत. शेवटच्या दोन्हींची उत्तरे दिलासा देणारी आहेत आणि फार थोड्यांना ठाऊक असतात. दृष्टिहीन किंवा अशक्त मतदाराला अठरा वर्षांवरचा सोबती आत नेता येतो, फक्त त्या सोबत्याने त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा सोबती होऊ नये. मतदानाची वेळ संपताना जे रांगेत आहेत त्यांना चिठ्ठ्या वाटल्या जातात आणि त्या सर्वांचे मतदान होते. ही वाटणी रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरू होते, म्हणजे नंतर कुणी मागे येऊन उभे राहू शकत नाही. इतका तपशील दिला की लोक वेळ संपायला थोडीच मिनिटे उरली असतानाही घरून निघतात.

तपासणीसाठी मी व्याकरण जाणणाऱ्यांपेक्षा अशा तीन-चार माणसांकडे जातो जी वेगवेगळ्या पक्षांना मत देतात आणि ते उघड सांगतात. पत्रक वाचून ‘हे कुणाचे आहे?’ याचा अंदाज करायला सांगतो. एकाने जरी पक्षाचे नाव घेतले तर कशावरून, ते विचारतो. कधी रंग निघतो, कधी एखादे क्रियापद, कधी कोपऱ्यातले चित्र. मग कागद बाजूला ठेवून कमी शिकलेल्या वाचकाला आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत काय कराल ते सांगायला लावतो. जिथे सांगणे थांबते तिथले वाक्य बदलायचे.

पत्रकाच्या माथ्यावर निवडणुकीचे नाव, शहर आणि मतदानाची तारीख असावी, म्हणजे ते पुढच्या निवडणुकीत पुन्हा फिरले तर ओळखता येईल. खाली काढणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव-पत्ता असावा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ नुसार हे बंधन उमेदवाराचा प्रचार किंवा अपप्रचार करणाऱ्या पत्रकांना आहे, निव्वळ पायऱ्या सांगणारे पत्रक त्यात बसत नाही. तरीही छापावे, कारण वाचणाऱ्याला चूक कळवायला कुणीतरी हवे. आणि राज्य निवडणूक आयोगाकडे माझी मागणी आहे की दर प्रकारच्या निवडणुकीसाठी, म्हणजे एका जागेच्या प्रभागासाठी, अनेक जागांच्या प्रभागासाठी, नगरपालिकेसाठी, जिल्हा परिषदेसाठी, ग्रामपंचायतीसाठी, असा एकेक साधा मराठी मूळ मजकूर अर्ज भरण्याची मुदत सुरू व्हायच्या आत प्रसिद्ध करावा. त्यावर कुणाचे छायाचित्र नको, घोषणा नको, आणि तो कुणालाही जसाच्या तसा छापता यावा. मग आम्हा अनुवादकांना महाराष्ट्रातल्या प्रभागाची माहिती इंग्रजीतून आणावी लागणार नाही. आम्ही ती मराठीतून कोरकू, गोंडी, भिली, उर्दू, हिंदी, तेलुगू आणि कन्नडमध्ये नेण्याच्या कामाला लागू.